केरळची सहल, खांबचा हिशेब

दुपारचे साडेतीन. तुम्ही मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, आणि फॅमिली ग्रुपवर धडाधड नऊ फोटो येऊन पडतात. चकचकीत कागद, त्यावर हाउसबोट, चहाचे मळे, कथकलीचा हिरवा चेहरा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. शेवटी आईचा मेसेज : ‘तीन ठिकाणांहून आणलीत. यातलं कुठलं चांगलं, जरा वाचून सांग.’

तुम्ही सगळ्यात मोठ्या फॉण्टमधले तीन आकडे बघता, त्यातला मधला निवडता, ‘हे घ्या’ असं टाइप करता आणि परत मीटिंगमध्ये डोकं घालता. काम झालं!

थांबा. हा मधला आकडा कधीकधी तिघांत सगळ्यात महाग निघतो. कसा, ते बघायला आपण एक नमुना कुटुंब घेऊ आणि त्याला खांबला राहायला पाठवू. खांब म्हणजे तेच, कोलाडला राफ्टिंगला जाताना लागणारं. मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड ओलांडली की येणारं, रोहा तालुक्यातलं. घरात आई, बाबा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. मुलगी आणि जावई मुंबईत नोकरीला. बाबांनी रोह्याच्या बाजारातून केरळची तीन ब्रोशर्स आणलीत आणि २३ जानेवारीला निघायचं ठरतंय. कुटुंब, ब्रोशर्स आणि आकडे सगळं उदाहरणापुरतं आहे. ब्रोशर्सची भाषा मात्र अगदी खरी, तुम्हाला कुठल्याही ट्रॅव्हल एजंटच्या काउण्टरवर सापडेल अशी.

आधी फोटो नीट हवेत

भाषांतराची पहिली चूक भाषांतराच्या आधीच होते. ब्रोशरचा कागद चकचकीत असतो, ट्यूबलाइट नेमकी त्याच्यावर चमकते आणि त्या पांढऱ्या डागाखाली एखादी चांदणी, म्हणजे आकड्याच्या डोक्यावरचं ते बारीक फूल, गायब होतं. त्या फुलाचा अर्थ पानाच्या तळाशी लिहिलेला असतो आणि फोटो काढताना तळ हमखास कापला जातो. मग १८,५०० हा आकडा दिसतो, पण ‘दोघांनी एक खोली घेतल्यास, जीएसटी वेगळा’ ही ओळ दिसत नाही.

म्हणून आईला एवढंच सांगा : कागद ओटीवर, उजेडात सपाट ठेव. फ्लॅश बंद. फोन बरोबर वर धर, तिरका नको. चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत. आणि मागचं पान, ज्यावर एकही चित्र नाही, ते आधी काढ. अटी तिथंच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं फुटतात, म्हणून ‘डॉक्युमेण्ट’ म्हणून पाठवायचा. बाबांना हे जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजकुमाराला एका चहावर जमतं!

मग भाषांतर, पण कसलं?

आता तुम्ही शनिवारी दुपारी लॅपटॉप उघडून बसलात. पहिला मोह असतो पान जसंच्या तसं सुंदर मराठीत उतरवायचा. ‘दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर आपण निसर्गरम्य मुन्नारच्या सफरीला निघू...’ छान वाटतं, पण त्याने आई-बाबांना काही कळत नाही. मूळ इंग्रजी जेवढं गुळगुळीत, तेवढंच तुमचं मराठी.

ब्रोशरमध्ये खरं तर दोन वेगवेगळे कागद एकत्र छापलेले असतात. पहिला दिवसवार कार्यक्रम. तो जाहिरातीच्या भाषेत असतो आणि त्यात सगळं दाखवलेलं असतं. दुसरा म्हणजे ‘इन्क्लुजन्स’ आणि ‘एक्स्क्लुजन्स’च्या दोन याद्या. त्या हिशेबाच्या भाषेत असतात आणि कंपनी नक्की काय देणार ते तिथं ठरतं. घरातली माणसं पहिला कागद वाचून खूश होतात, बिल दुसऱ्या कागदाप्रमाणे येतं. तुमचं काम हे दोन कागद एकमेकांवर ठेवून बघायचं.

पद्धत सोपी आहे. कार्यक्रमातली प्रत्येक गोष्ट तोडून वेगळ्या ओळीवर घ्या. ‘पेरियार तलावात बोट’ ही एक ओळ. ‘मसाल्यांची बाग’ दुसरी. ‘कथकली’ तिसरी. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न : याचे पैसे कोण भरणार? उत्तरासाठी चार रकाने आखा. ‘आत’, म्हणजे पॅकेजमध्ये धरलेलं. ‘बाहेर’, म्हणजे करावंच लागणार, पण आपल्या खिशातून. ‘हौस’, म्हणजे ऑप्शनल, केलं तर पैसे, नाही केलं तरी सहल अडत नाही. आणि चौथा रकाना ‘गप्प’.

हा चौथा रकाना महत्त्वाचा. कार्यक्रमात एखादी गोष्ट लिहिलेली असते, पण ती आतच्या यादीत नाही आणि बाहेरच्याही नाही. ब्रोशर तिच्याबद्दल चक्क गप्प बसलंय. ‘सायंकाळी मट्टुपेट्टी धरणावर बोटिंगचा आनंद लुटा’ असं कार्यक्रमात आहे, बोटीच्या तिकिटाबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुमचे आई-बाबा गृहीत धरतात की आत असेल. तिकीट खिडकीपाशी कळतं की नव्हतं. वाद बहुतेक या रकान्यातूनच निघतात आणि घरी बसून भरता येतो तोही हाच.

शब्दांची फोड

ब्रोशरच्या इंग्रजीचं शब्दश: भाषांतर करू नका, त्यातून काय घडणार ते लिहा. थोडे नमुने बघा.

‘ट्विन शेअरिंग’. याचं भाषांतर ‘दोघांत एक खोली’ एवढ्यावर थांबवू नका. लिहा : हा दर जोडीचा आहे. आपल्या पाच जणांत जोड्या दोनच होतात. आजी तिसऱ्या म्हणून आई-बाबांच्या खोलीत येतील आणि त्यांचा दर वेगळा.

लगेच पुढचा शब्द, ‘एक्स्ट्रा अ‍ॅडल्ट विथ मॅट्रेस’. हा तिसऱ्या माणसाचा दर. स्वस्त असतो, कारण मॅट्रेस म्हणजे जमिनीवर घातलेली गादी. ‘एक्स्ट्रा बेड’ लिहिलं असेल तर खाट मिळण्याची शक्यता जास्त, पण काही हॉटेलं बेड म्हणूनही गादीच आणून टाकतात. इथं खांबच्या घरात काय होणार ते आपल्याला आत्ताच माहीत आहे. आजींना जमिनीवरून उठता येत नाही, म्हणून पाचही रात्री गादीवर आई झोपणार आणि घरी आल्यावर पंधरा दिवस कंबर धरून बसणार. भाषांतरात हे स्पष्ट यायला हवं : ‘एकाला जमिनीवर झोपावं लागेल’.

‘सीपी’, ‘एमएपी’, ‘एपी’. हॉटेलवाल्यांची जेवणाची भाषा. सीपी म्हणजे फक्त नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेकदा रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. क्वचित ईपी असतं, म्हणजे नुसती खोली. ही अक्षरं तशीच ठेवून पाठवलीत तर घरचे ती हॉटेलचं नाव समजतील.

‘एनरूट व्हिजिट’. कोचीहून मुन्नारला जाताना चीयप्पारा आणि वालारा हे धबधबे लागतात. ते रस्त्यालगतच आहेत, त्यामुळे ‘भेट’ म्हणजे गाडी थांबवून, फोटो काढून पुढं जाणं. पावसाळा संपला की धारही बारीक होत जाते. जानेवारीत गेलात तर ब्रोशरवरचा तो पांढराशुभ्र पडदा दिसेलच असं नाही.

‘ऑर सिमिलर’. हॉटेलच्या नावापुढचे हे दोन शब्द म्हणजे ते हॉटेल मिळेलच असं नाही. शिवाय ‘मुन्नार’ म्हणून विकलेली बरीच हॉटेलं चित्तिरापुरम, आनचाल या बाजूंना, मुन्नार गावापासून काही किलोमीटर अलीकडे असतात. तिथं शांतता झकास, पण संध्याकाळी चहा घ्यायला बाजारात पायी जाता येणार नाही. मग हॉटेलातच जेवावं लागतं, हॉटेलच्या दराने.

‘इव्हिनिंग अ‍ॅट लेझर’. ऐकायला किती आरामशीर! अर्थ : संध्याकाळी कार्यक्रम नाही आणि गाडीही मिळेल असं धरू नका.

‘एसी विल नॉट वर्क इन हिल्स’. घाटात गाडीचा एसी बंद. मुन्नार, थेक्कडी दोन्ही डोंगरातच असल्याने प्रवासाचा बराच भाग खिडक्या उघड्या ठेवून होणार. याला पैसे पडत नाहीत, पण आजींना गाडी लागत असेल तर पिशव्या आणि आवळा सुपारी बरोबर घ्यायची, हे कळायला हवं.

आणि ‘सब्जेक्ट टू’. कोलाडला राफ्टिंग केलेल्यांना हा शब्द समजावायला नको. कुंडलिकेत वरच्या वीज प्रकल्पातून पाणी सुटलं तरच राफ्ट निघते. केरळातही तसंच. मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर ही डोंगरी बकरी बघायला जातात, पण तिच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते पर्यटकांना बंद ठेवतात. कोचीचा मट्टानचेरी राजवाडा शुक्रवारी बंद, शेजारचं ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी. म्हणून कार्यक्रमातल्या ‘दिवस पाचवा’ला तारीख आणि वार घाला. ‘दिवस पाचवा’ला सगळं उघडं असतं, शुक्रवारी नसतं.

‘हाउसबोट’ म्हणजे कुठली हाउसबोट?

या एका शब्दाला वेगळी जागा द्यायला हवी, कारण बहुतेक जण केरळला त्याच्याचसाठी जातात. तिन्ही ब्रोशर्सच्या पहिल्या पानावर हाउसबोट आहे. आतलं वाचल्यावर मात्र दिसतं की दोघांनी ‘ओव्हरनाइट स्टे इन हाउसबोट’ लिहिलंय आणि तिसऱ्याने ‘हाउसबोट क्रूझ’. पहिल्याचा अर्थ बोटीवर रात्रीचा मुक्काम. दुसऱ्याचा अर्थ दिवसा तास-दोन तास फेरी आणि रात्री झोपायला जमिनीवरच्या हॉटेलात.

मुक्काम असला तरी तो कसा असतो हेही कळायला हवं. आलप्पुळ्यात बोटीवर दुपारी बाराच्या आसपास चढायचं. जेवण होतं, बोट फिरते. संध्याकाळी साडेपाच-सहाला ती काठाला बांधून ठेवतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. रात्रभर बोट जागेवरच. सकाळी नाश्ता, थोडी फेरी आणि नऊच्या सुमारास उतरायचं. ठरावीक दरात खोल्यांचा एसी बहुतेकदा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. दिवसभर एसी हवा असेल तर त्याला वरचा दर. एक बरं, बोटीवर दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता सहसा धरलेला असतो. म्हणजे त्या दिवशी सीपी पॅकेजमध्येसुद्धा खाण्याचा खर्च नाही.

याचं भाषांतर : ‘बोटीवर एकवीस तास. त्यातले चालत्या बोटीत पाच-सहा.’ हे वाचून कोणी नाराज होत नाही. तिथं गेल्यावर कळलं तर होतात.

आता हिशेब

तिन्ही ब्रोशर्सना आपण अ, ब आणि क म्हणू. पाच रात्री, सहा दिवस. मुन्नार दोन रात्री, मग थेक्कडी, आलप्पुळा आणि कोची एकेक रात्र.

‘अ’चा दर माणशी १८,५०० रुपये. कोची ते कोची, म्हणजे टूरवाल्यांच्या भाषेत ‘जॉइनिंग-लिव्हिंग’. तुम्ही तुमचे कोचीला पोहोचा, तिथून पुढं आम्ही. स्वतंत्र गाडी, फक्त नाश्ता, हाउसबोटीवर मुक्काम, तिकिटं बाहेर, जीएसटी वेगळा. तिसऱ्या माणसाला गादीसह १२,५००.

‘क’ माणशी २७,५००. हाही कोची ते कोची. स्वतंत्र गाडी, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, हाउसबोटीवर मुक्काम, पेरियारची बोट आत, जीएसटी आत. तिसऱ्याला खाटेसह २०,५००.

‘ब’ माणशी ३३,०००. मुंबई ते मुंबई विमानासह, ग्रुपबरोबर बसने, सगळी जेवणं, सगळी प्रवेश तिकिटं, जीएसटी आत. हाउसबोटीची फक्त फेरी. तिसऱ्याला खाटेसह ३०,०००.

ब्रोशर बघून क्रम लागतो अ, क, ब. ‘ब’ बघताच बाबा म्हणणार, ‘एवढं कशाला, मधलं घेऊ या.’ आता रकाने भरू.

‘अ’मध्ये चार जणांचे ७४,००० आणि आजींचे १२,५०० मिळून ८६,५००. त्यावर ५ टक्के जीएसटी ४,३२५, झाले ९०,८२५. कोचीचं जाण्यायेण्याचं विमान माणशी ९,००० धरलं तर ४५,००० वाढले. बोटीचा दिवस सोडून चार दुपारची आणि चार रात्रीची जेवणं आपली. पाच माणसांची चाळीस ताटं, ताटामागे ३०० रुपये, म्हणजे १२,०००. (भाताचं टेन्शन नाही, खांबची माणसं आहेत. पण तिथला जाड, तांबूस मट्टा तांदूळ पहिल्या दिवशी जरा जपून!) बोटी, प्रवेश, कथकली मिळून माणशी १,५००, म्हणजे ७,५००. एकूण १,५५,३२५.

‘क’मध्ये १,१०,००० आणि २०,५०० मिळून १,३०,५००. विमान ४५,०००. चार दुपारची जेवणं म्हणजे वीस ताटं, ६,०००. उरलेली तिकिटं आणि कथकली माणशी १,००० प्रमाणे ५,०००. एकूण १,८६,५००.

‘ब’मध्ये १,३२,००० आणि ३०,००० मिळून १,६२,०००. कथकली तेवढी ‘हौस’ रकान्यात, माणशी ४०० प्रमाणे २,०००. एकूण १,६४,०००.

क्रम बदलला की नाही? ‘मधलं’ वाटणारं क सगळ्यात महाग निघालं. अ आणि ब यांच्यात ब्रोशरवर माणशी साडेचौदा हजारांचा फरक होता. प्रत्यक्षात तो पूर्ण कुटुंबात ८,६७५ रुपयांचा, म्हणजे माणशी १,७३५ उरला. ड्रायव्हर-गाइडची टिप आणि खांबहून विमानतळापर्यंतचा गाडीखर्च तिन्हीत येणारच, म्हणून तो आपण धरलेला नाही.

याचा अर्थ ग्रुप टूर नेहमी फायद्याची, असा अजिबात काढू नका. विमानाचं भाडं ९,०००च्या जागी ६,००० मिळालं तर अ आणि क दोन्ही पंधरा-पंधरा हजारांनी उतरतात. तेवढ्याने अ स्पष्टपणे स्वस्त होतं, क मात्र तरीही वरच राहतं. पैशाचा गोंधळ एकदा मिटला की निवड खऱ्या गोष्टींवर येते. ‘ब’ घेतलं तर बोटीवरची रात्र नाही आणि सकाळी सातला बस निघणार म्हणजे निघणार, आजींचं आवरो न आवरो. ‘अ’ घेतलं तर गाडी आपली, पण रोज दोन वेळा ‘आता जेवायचं कुठं?’ हा प्रश्न, आणि आईची पाठ जमिनीवर. ‘क’मध्ये जे जास्त पैसे जातात त्यात खाट आहे, रात्रीचं जेवण आहे आणि कदाचित बरी हॉटेलं. हे सगळं घरच्यांना कळणाऱ्या भाषेत समोर आलं की तेच ठरवतील. तुम्ही ठरवायची गरजच नाही.

‘मुंबई’ म्हणजे नक्की कुठलं विमानतळ?

‘मुंबई ते मुंबई’ हा शब्दही खांबच्या नजरेतून वाचा. सहल मुंबईत सुरू होते, खांबला नाही. पहाटे सहाचं विमान असेल तर रात्री बाराला घर सोडा, नाहीतर आदल्या दिवशी मुंबईत लेकीकडे मुक्काम करा. हा खर्च आणि ही दगदग कुठल्याच ब्रोशरच्या कुठल्याच रकान्यात नसते.

आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. खांबकरांना पनवेलजवळचं ते विमानतळ अंधेरीच्या मानाने कितीतरी सोयीचं. पुढचा सगळा मुंबईचा ट्रॅफिक वाचतो. ब्रोशरवर दोन्हींना ‘मुंबई’च म्हटलं जाऊ शकतं. तिकिटावर मात्र जुन्या विमानतळाला BOM आणि नव्याला NMI असं लिहिलेलं असतं. ग्रुप टूरमध्ये हे कंपनी ठरवते. जॉइनिंग-लिव्हिंगमध्ये तिकीट तुम्ही काढता, म्हणून निवड तुमची. ‘अ’ आणि ‘क’च्या बाजूचा हा एक मुद्दा वरच्या हिशेबात दिसत नव्हता.

गप्प रकान्याला बोलतं करा

चौथ्या रकान्यात ज्या ओळी साठल्या त्यांचे प्रश्न करा आणि तिन्ही एजंटना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. फोनवर विचारलं तर ‘होऽऽ, सगळं आहे साहेब’ असं उत्तर येतं. लिहून विचारलं की उत्तर जरा जपून येतं, आणि तेच तर आपल्याला हवं असतं.

खांबच्या कुटुंबाचे प्रश्न असे निघाले : आजींना खाट मिळेल की गादी? हॉटेलात लिफ्ट आहे का, नसल्यास तळमजला मिळेल का? मट्टुपेट्टीच्या बोटीचं आणि एराविकुलमचं तिकीट आत आहे का? हाउसबोट फक्त आपल्या कुटुंबाला की इतरांबरोबर? मुन्नारचं हॉटेल गावापासून किती किलोमीटर? आमच्या तारखांना जादा दर आहे का? हा शेवटचा प्रश्न विशेषत: नाताळच्या दिवसांत जाणाऱ्यांनी विचाराच. साधारण २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात ‘पीक सीझन सप्लिमेण्ट’ लागतं आणि २४ व ३१ डिसेंबरच्या रात्री बरीच हॉटेलं ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात. तुम्ही जेवा किंवा आजारी पडून खोलीत झोपा, पैसे द्यायचेच.

उत्तरं आली की ओळी गप्पमधून उचलून आत किंवा बाहेर टाका आणि बेरीज पुन्हा करा. ज्या ओळीचं उत्तर आलंच नाही, ती ‘बाहेर’ धरा. ही उत्तरं जपून ठेवा. उद्या वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे एजंटचं ऑफिस मुंबईत असलं तरी खांबच्या बाबांना अलिबागला दाद मागता येईल. त्याआधी सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

एक शेवटचं भाषांतर उरतं, ते दिवसांचं. रद्द करण्याच्या अटी ‘निघण्याच्या ३० दिवस आधी’, ‘१५ दिवस आधी’, ‘७ दिवस आधी’ अशा लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक टप्प्याला जास्त पैसे कापले जातात. हे आकडे कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत. २३ जानेवारीला निघायचं असेल तर ते असे : २४ डिसेंबर, ८ जानेवारी, १६ जानेवारी. या तीन तारखांना बाबांना भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करायला सांगा आणि प्रत्येक गोलात ‘यानंतर रद्द केलं तर इतके गेले’ असा आकडा लिहायला लावा. आजींच्या गुडघ्याने ऐनवेळी असहकार पुकारला, तर निर्णय कधीपर्यंत घ्यायचा हे त्या कॅलेण्डरवरच दिसेल.

अख्ख्या कामाला एक शनिवारची दुपार लागते. आणि बाबा आता एजंटच्या काउण्टरवर जाऊन ‘तुमचं एमएपी आहे की नुसतं सीपी?’ असं विचारतात, तेव्हा समोरचा आपसूक खुर्ची पुढे करतो!